धागा: L काढून उत्तर बरोबर आलं, तरी मार्क कापले. मोनोटोन आणि बाउंडेड सिद्ध करायलाच हवं का?

रंकाळ्याची_सई
नमस्कार. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गणित घेतलंय. परवा कॉलेजच्या चाचणीत हा प्रश्न होता:

a₁ = 2, aₙ₊₁ = (aₙ² + 3)/4. लिमिट काढा.

मी लिमिट L धरलं. मग L = (L² + 3)/4, म्हणजे L² − 4L + 3 = 0, म्हणजे L = 1 किंवा L = 3. पहिली दोन-तीन पदं काढून पाहिली तर सिक्वेन्स खाली येत होता, म्हणून 1 लिहिलं. उत्तर 1 च आहे. तरी पाचापैकी दोन मार्क मिळाले. सरांनी शेरा मारलाय, "लिमिट आहे हे कुठे दाखवलंस?"

मला खरंच समजून घ्यायचंय. समीकरण दोनच उत्तरं देतंय, त्यातलं एक सरळसरळ दिसतंय, मग आधी मोनोटोन, बाउंडेड वगैरे सगळं करून नेमकं काय मिळतं? आणि करायचंच असेल तर सुरुवात कुठून करायची? ती 1 आणि 3 ही बंधनं पुस्तकात आकाशातून पडल्यासारखी येतात.

पापाची_तिकटी
सई, मार्क कापणं जरा जास्तच झालं. एवढं कशाला पाहिजे? कॅल्क्युलेटर घे, 2 दाबून = कर, मग हे टाईप कर आणि = दाबत बस:

```
(Ans²+3)÷4
```

1.75, 1.515625, 1.3243, 1.1884, 1.1031, 1.0542... दर वेळी 1 पासूनचं अंतर साधारण निम्मं होतंय. लहान मुलगाही सांगेल कुठं चाललंय ते. समीकरण दोन उमेदवार देतं, कॅल्क्युलेटर त्यातला एक निवडतो. संपला विषय.

जुना_मास्तर
पापाची_तिकटी, तुमचं निरीक्षण चांगलं आहे. अंतर निम्मं होतं हे तर अगदी बरोबर. aₙ = 1 + d लिहिलंत तर पुढचं पद 1 + d/2 + d²/4 येतं, त्यामुळे d लहान झाला की निम्म्याचाच हिशेब उरतो.

आता तोच कॅल्क्युलेटर दोन दशांशांवर लावा आणि 2 च्या जागी 2.99999 पासून सुरू करा. पडद्यावर 3.00 येईल. परत = दाबा, 3.00. परत 3.00. पहिली सोळा पदं तुम्हाला 3.00 च दिसेल. इतक्या वेळा दाबल्यावर बहुतेक जण कॅल्क्युलेटर खाली ठेवतात आणि वहीत L = 3 लिहितात. तुम्ही धीर धरून दाबत राहिलात तर सतराव्या पदाला 2.99 दिसेल, मग घसरण वेग घेईल, एकतिसाव्या पदाला आकडा 2 च्या खाली गेलेला असेल आणि शेवटी 1 ला टेकेल.

कारण 3 च्या जवळ गणित उलटं चालतं. aₙ = 3 − d असेल तर पुढचं पद 3 − 1.5d + d²/4. म्हणजे 3 पासूनचं अंतर दर वेळी दीडपट होतं. 1 स्वतःकडे ओढतो, 3 स्वतःपासून ढकलतो. दोन्ही समीकरणाची रूट आहेत, पण समीकरणाला हा फरक दिसत नाही.

सई, तुझ्या शंकेवर सविस्तर लिहितो, संध्याकाळपर्यंत वेळ दे.

भावा_नाद_नाही
2.99999 करून बघितलं. लई भारी! बाराव्या वेळेला मला वाटलं सर गंमत करायल्यात. मग एकदम गाडी सुटली.

इचलकरंजीकर_यंत्रमाग
गणिताचा विद्यार्थी नाही, पण हा धागा वाचून माझं कर्ज आठवलं, म्हणून विचारतो. यंत्रमागासाठी कर्ज घेतलंय, व्याज महिन्याला 1 टक्का, हप्ता 5,000. म्हणजे पुढची बाकी = 1.01 × आत्ताची बाकी − 5,000. हाही तुमच्यासारखाच सिक्वेन्स झाला ना? सईताईंच्या पद्धतीने L = 1.01L − 5000 केलं तर L = 5,00,000 येतं. माझी बाकी सध्या 4,90,000 आहे. मग माझं कर्ज वाढत वाढत पाच लाखांवर जाणार की काय?

जुना_मास्तर
इचलकरंजीकर, घाबरू नका, तसं होणार नाही. तुमच्या 4,90,000 वर महिन्याचं व्याज 4,900 होतं आणि हप्ता 5,000 आहे, म्हणजे बाकी 100 ने उतरून 4,89,900. पुढच्या महिन्यात व्याज 4,899, बाकी 101 ने उतरेल. उतार दर महिन्याला थोडा वाढत जाईल. हेच कर्ज 5,10,000 असतं तर व्याज 5,100 झालं असतं आणि हप्ता भरूनही बाकी वाढत गेली असती. बरोबर पाच लाख असेल तरच बाकी जागची हलत नाही.

सई, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यांच्या पासबुकात आहे. समीकरणाने एकच आकडा दिला, 5,00,000, आणि ज्याची बाकी नेमकी तेवढी नाही त्याच्यासाठी तो लिमिट नाही. समीकरण फक्त एवढंच सांगतं की "लिमिट असलीच, तर ती इथेच असू शकते". 'असलीच तर' हा भाग सिद्ध करायचा म्हणजे मोनोटोन आणि बाउंडेड. तुझे तीन मार्क त्या 'असलीच तर'चे गेले.

इचलकरंजीकर_यंत्रमाग
धन्यवाद सर. हप्ता 6,000 करतो पुढल्या महिन्यापासून.

शाहूपुरी_अभिजित
मी नेट-सेटची तयारी करतोय, म्हणून पूर्ण उत्तर लिहितो. सईने परीक्षेत हे लिहायला हवं होतं.

आधी बंधन. दावा असा की प्रत्येक n साठी 1 < aₙ < 3. a₁ = 2 ला खरं आहे. aₙ ला खरं असेल तर 1 < aₙ² < 9, तिन्हीकडे 3 मिळवून 4 आणि 12 च्या मध्ये, चारने भागून 1 < aₙ₊₁ < 3. इंडक्शन झालं.

मग मोनोटोन. aₙ₊₁ − aₙ = (aₙ² − 4aₙ + 3)/4 = (aₙ − 1)(aₙ − 3)/4. वर दाखवल्याप्रमाणे aₙ हा 1 आणि 3 च्या मध्ये, म्हणून पहिला कंस धन, दुसरा ऋण, फरक ऋण. सिक्वेन्स उतरता.

उतरता आणि खालून 1 ने अडवलेला, म्हणून लिमिट आहे. आता L चं समीकरण लिहायचं. L = 1 किंवा 3. पहिलं पदच 2 आणि सिक्वेन्स उतरता, म्हणून L ≤ 2. उत्तर 1.

क्रम महत्त्वाचा आहे. मोनोटोन दाखवताना बंधन वापरलंय, म्हणून बंधन आधीच सिद्ध असायला हवं. बरेच जण उलटं करतात: "सिक्वेन्स उतरता आहे कारण aₙ > 1, आणि aₙ > 1 कारण सिक्वेन्स 1 कडे उतरतोय." मग दोन्ही वाक्यं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतात आणि खाली जमीन नसते. म्हणून नियम पक्का: आधी बाउंडेड, मग मोनोटोन.

रंकाळ्याची_सई
@शाहूपुरी_अभिजित, हे समजलं. पण माझी अडचण पहिल्याच ओळीत आहे. "1 < aₙ < 3" हे सुचलं कुठून? कच्च्या पानावर L चं समीकरण सोडवून रूट बघायची आणि मग ते माहीत नसल्यासारखं उत्तर लिहायचं, असंच ना? ते फसवं वाटतं.

शाहूपुरी_अभिजित
फसवं काही नाही. बंधन सुचलं कुठून याचा हिशेब उत्तरपत्रिकेत द्यावा लागत नाही, ते सिद्ध झालं की झालं. कच्च्या पानावर आधी रूट काढायची हे तर मी सगळ्यांना सांगतो. फरक कंसांत फोडल्यावर रूटच समोर येतात, त्यामुळे बंधनं दुसरीकडे शोधायची गरजच नसते.

कागलची_मीनाक्षी
मी क्लास घेते, जवळपास वीस वर्षं हा विषय शिकवते आहे. अभिजितचं उत्तर निर्दोष आहे, पण "आधी बाउंडेड, मग मोनोटोन" हा पक्का नियम म्हणून मला मान्य नाही. सई, तुला आकाशातून पडलेली बंधनं खुपतात ना? मग त्यांच्याशिवाय करून बघ.

f(x) = (x² + 3)/4 घे. x ≥ 0 असताना हे फंक्शन वाढतं आहे: मोठा x टाकला की मोठं उत्तर. आणि आपली सगळी पदं धन आहेत, ते सूत्राकडे बघूनच कळतं, कारण वर्गात 3 मिळवलाय.

आता फक्त पहिली दोन पदं बघायची. a₁ = 2, a₂ = 1.75. a₂ < a₁. दोन्हीकडे f लावलं की a₃ < a₂. परत लावलं की a₄ < a₃. इंडक्शन एवढंच. सिक्वेन्स उतरता हे सिद्ध झालं, आणि 1 किंवा 3 चं नावही घेतलं नाही.

खालचं बंधन? सगळी पदं धन, म्हणून 0 खाली अडवतोच. बंधन नेमकं लिमिटइतकंच असायला हवं असा आग्रह मुलं धरतात, त्याची गरज नसते. कुठलंही खरं बंधन चालतं. उतरता आणि 0 च्या वर, म्हणून लिमिट आहे आणि ती 0 ते 2 मध्ये आहे. आता समीकरण लिही. 1 किंवा 3, पैकी 0 ते 2 मध्ये 1. झालं.

एरवी मुलं निम्मा वेळ 'बरोबर' बंधन शोधण्यात घालवतात, तो इथे वाचतो.

शाहूपुरी_अभिजित
@कागलची_मीनाक्षी, पद्धत चांगली आहे, पण ती f वाढतं असलं तरच चालते. माझी पद्धत थेट फरक बघते, f कसं आहे याच्यावर अवलंबून नाही. परीक्षेत विद्यार्थ्याने f वाढतं आहे हे लिहायचं विसरलं तर त्याचेही मार्क जातील.

कागलची_मीनाक्षी
ते खरं, "x ≥ 0 साठी f वाढतं" ही ओळ लिहायलाच हवी आणि पदं त्या भागात आहेत हेही. पण अभिजित, तुमचं बंधनाचं इंडक्शनसुद्धा f वाढतं असल्यामुळेच चाललं. 1 < aₙ < 3 चा वर्ग करून 1 < aₙ² < 9 लिहिलंत, ते याच गुणधर्मावर. तुम्ही तो न सांगता वापरला एवढंच.

पापाची_तिकटी
मास्तर, 2.99999 चं मान्य. पण एक मूलभूत शंका आहे. एखादी गोष्ट सतत खाली येतेय आणि खाली फरशी आहे, तर ती कुठंतरी थांबणारच. हे उघड आहे. याला प्रमेय म्हणून इतका मान कशाला?

जुना_मास्तर
तुमची शंका चांगली आहे, कारण 'उघड' वाटणारी ही गोष्ट सगळीकडे खरी नाही.

समजा जगात फक्त अपूर्णांकच आहेत, म्हणजे p/q अशाच संख्या. आता a₁ = 2 आणि aₙ₊₁ = (aₙ + 2/aₙ)/2 घ्या. पदं येतात 2, 3/2, 17/12, 577/408. प्रत्येक पद अपूर्णांक. प्रत्येक पद आधीच्यापेक्षा लहान. प्रत्येक पद 1 पेक्षा मोठं. म्हणजे उतरता आणि खालून अडवलेला. पण जाणार कुठे? समीकरण L² = 2 देतं, आणि ज्याचा वर्ग 2 आहे असा अपूर्णांकच नाही. फक्त अपूर्णांकांच्या जगात या सिक्वेन्सला लिमिट नाही. फरशी आहे, पण थांबायच्या जागी भोक आहे.

वास्तव संख्यांत अशी भोकं नाहीत, हे त्या प्रमेयाचं खरं म्हणणं. 577/408 ही √2 ची किंमत आपल्याकडे शुल्बसूत्रांत आहे, यज्ञवेदीच्या मापांच्या संदर्भात, 1 + 1/3 + 1/(3·4) − 1/(3·4·34) अशा रूपात. बेरीज करून बघा, बरोबर तीच येते. पण 'लिमिट अस्तित्वात आहे' हे नीट सिद्ध करायला लागणारा संख्यांचा पाया एकोणिसाव्या शतकात युरोपात घातला गेला. म्हणजे किंमत काढणं आणि ती किंमत असण्याची खात्री देणं यांच्यामध्ये दोन हजारांहून जास्त वर्षं गेली.

भावा_नाद_नाही
1 + 1/3 + 1/12 − 1/408 करून बघितलं. 577/408 च आलं, 1.4142156. अंगावर काटा आला बघा.

फुलेवाडी_सुमेध
मला एक कळत नाही. a₁ = −2 घेतलं तर? a₂ = 7/4 येतं. म्हणजे −2 वरून 1.75 वर उडी, मग पुढे उतार. चढता पण नाही, उतरता पण नाही. मग लिमिट नाही असं म्हणायचं?

कागलची_मीनाक्षी
@फुलेवाडी_सुमेध, लिमिट आहे आणि 1 च आहे. लिमिट ठरताना सुरुवातीची काही पदं सोडून दिली तरी फरक पडत नाही. दुसऱ्या पदापासून पुढे बघ, तिथून सईचाच सिक्वेन्स आहे. उत्तरात "n ≥ 2 साठी उतरता" असं स्पष्ट लिहायचं. सूत्रात वर्ग असल्यामुळे −2 आणि 2 दोघांचं पुढचं पद एकच. म्हणून a₁ = −3 घेतलंस तर पुढची सगळी पदं 3 येतील.

रंकाळ्याची_सई
सगळ्यांचं वाचून मी a₁ = 4 करून बघितलं. 4, 4.75, 6.39, 10.96. मीनाक्षी मॅडमच्या पद्धतीने a₂ > a₁, f वाढतं, म्हणून सिक्वेन्स चढता. आता बंधन शोधत होते, सापडेना. कोणताही आकडा धरला तरी तो ओलांडतो असं दिसतंय, पण 'दिसतंय' म्हणून चालणार नाही हे आता कळलंय. बंधन नाहीच, हे कसं सिद्ध करायचं?

जुना_मास्तर
सई, तुला सुरुवातीला जे समीकरण पुरेसं वाटत होतं तेच इथे वापर, फक्त वेगळ्या कामाला. समज, बंधन आहे असं धर. चढता आणि वरून अडवलेला, म्हणून लिमिट L असायलाच हवी. ती समीकरण पाळणार, म्हणून 1 किंवा 3. पण सिक्वेन्स 4 पासून चढतोय, म्हणून L ≥ 4. विसंगती. म्हणून बंधन नाही, आणि चढत्या सिक्वेन्सला बंधन नाही म्हणजे तो अनंताकडे जातो.

याच जातीचा आणखी एक करून बघ: aₙ₊₁ = (aₙ² + 5)/4. इथे aₙ₊₁ − aₙ = ((aₙ − 2)² + 1)/4, म्हणजे कुठूनही सुरू केलंस तरी प्रत्येक पायरीला निदान पाव एकक चढ. आणि L² − 4L + 5 = 0 ला वास्तव रूटच नाही.

शाहूपुरी_अभिजित
सहमत. पण परीक्षेत कुठली पद्धत लिहावी यावर मी अजून माझ्या मतावर ठाम आहे. तपासणाऱ्याला बंधन आणि फरक स्पष्ट दिसले की तो मार्क देतो. "f वाढतं" या वाटेने गेलं की काही तपासनीस त्याचाही पुरावा मागतात.

कागलची_मीनाक्षी
मग द्यावा पुरावा, एका ओळीचा तर आहे. x < y आणि दोन्ही ऋण नसतील तर x² < y². माझी मुलं लिहितात आणि त्यांना मार्क मिळतात. यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय.

रंकाळ्याची_सई
दोन्ही पद्धतींनी लिहून सरांना दाखवणार आहे. शेवटचं एक: a₁ = 1, aₙ₊₁ = 1 + 1/aₙ. पदं 1, 2, 1.5, 1.667, 1.6, 1.625. हा वर-खाली वर-खाली करतो. इथे f(x) = 1 + 1/x उतरतं फंक्शन आहे, म्हणून a₁ < a₂ ला f लावलं की a₂ > a₃ होतं, दर वेळी चिन्ह उलटतं. दोन्ही पद्धती इथे अडतात ना?

कागलची_मीनाक्षी
एका पायरीने चाललीस तर अडतात. दोन पायऱ्या एकदम घे. aₙ₊₂ = (2aₙ + 1)/(aₙ + 1), आणि हे फंक्शन धन x साठी वाढतं आहे, कारण ते 2 − 1/(x + 1) असंही लिहिता येतं. विषम पदं 1, 1.5, 1.6 चढतात, सम पदं 2, 1.667, 1.625 उतरतात, आणि सगळी 1 आणि 2 च्या मध्ये. म्हणून दोन्ही रांगांना आपापली लिमिट आहे. आता दोन्हींसाठी समीकरण लिहून ती एकच आहे हे तू दाखव आणि इथे टाक.

रंकाळ्याची_सई
L = (2L + 1)/(L + 1), म्हणजे L² − L − 1 = 0. रूट (1 + √5)/2 आणि (1 − √5)/2. दुसरं ऋण आहे, पण दोन्ही रांगांची लिमिट 1 आणि 2 च्या मध्ये असायला हवी. म्हणून दोघींनाही पहिलंच, साधारण 1.618. विषम आणि सम दोन्ही रांगा एकाच ठिकाणी जातात, म्हणून पूर्ण सिक्वेन्सही तिथेच.